परत घेऊ, पण कधी आणि किती?

ऑनलाइन साड्या विकणाऱ्या दुकानांच्या ‘परतावा धोरण’ या पानावर बहुतेक वेळा अशा धर्तीचा मजकूर असतो:

“कंपनीच्या अटी व शर्तींच्या अधीन राहून, ग्राहकाने माल प्राप्त झाल्यापासून ७ दिवसांच्या आत विनंती केल्यास व सदर माल मूळ स्थितीत असल्याची कंपनीची खात्री पटल्यास, कंपनी स्वतःच्या सर्वस्वी विवेकाधिकारानुसार परतावा, बदली माल अथवा क्रेडिट नोट देऊ शकेल. लागू शुल्क वजा करून परताव्यावर ७ ते १० कामकाजाच्या दिवसांत प्रक्रिया करण्यात येईल. अनबॉक्सिंग व्हिडिओ नसल्यास कोणतीही तक्रार ग्राह्य धरली जाणार नाही. हातमागाच्या मालातील रंग व विणीतील फरक दोष मानला जाणार नाही. सर्व वाद केवळ कंपनीच्या कार्यालयाच्या ठिकाणच्या न्यायालयांच्या अधिकारक्षेत्रात राहतील.”

हा उतारा कोणा एका दुकानाचा नाही. अनेक पानांवर पुन्हा पुन्हा भेटणारी वाक्यं नमुन्यादाखल एकत्र केली आहेत. आता कल्पना करा, नांदेडच्या एका बाईंनी भाचीच्या लग्नासाठी ४,२०० रुपयांची साडी मागवली. पार्सल उघडलं तर पदराजवळचे धागे निघालेले. त्या फोनवर हे पान उघडतात. त्यांना चारच गोष्टी हव्या आहेत: साडी परत घेतील का, न्यायला कोण येईल, किती पैसे मिळतील आणि कधी. उतारा शेवटपर्यंत वाचला तरी चारपैकी एकाही प्रश्नाचं उत्तर हाती लागत नाही. ‘देऊ शकेल’ म्हणजे देईल की नाही? ‘लागू शुल्क’ म्हणजे शंभर रुपये की पाचशे? सात ते दहा दिवस मोजायचे कुठून?

हे पान सोपं करायला बसलं की हात आधी शब्दांकडे जातो. ‘सदर’ काढावं, ‘अधीन राहून’ काढावं, लांब वाक्याची दोन करावीत. तसं केलं की पहिलं वाक्य साधारण असं होतं: “आम्हाला योग्य वाटलं तर आम्ही पैसे परत देऊ.” भाषा सोपी झाली, पण बाईंना नवीन काही कळलं नाही. झालं एवढंच, की जड शब्दांखाली झाकलेली गोष्ट उघडी पडली. दुकानानेच अजून काही ठरवलेलं नाही. अशा पानाचं संपादन खरं सुरू होतं ते इथून. शब्द बदलण्याआधी मालकाला, गोदामातल्या माणसाला आणि हिशेब पाहणाऱ्याला समोर बसवून एकेक निर्णय घ्यायला लावावा लागतो.

पान कोणासाठी लिहिलेलं असतं?

लहान दुकानांची ही पानं एकमेकांसारखी दिसतात, त्यामागे एक साधं व्यावहारिक कारण आहे. संकेतस्थळावर कार्ड किंवा यूपीआयने पैसे घ्यायचे तर पेमेंट गेटवे कंपनीकडे खातं उघडावं लागतं. ते सुरू करण्याआधी गेटवेची माणसं संकेतस्थळ तपासतात आणि अटी, गोपनीयता, संपर्क यांच्याबरोबर परताव्याचं पान आहे का, हेही पाहतात. दुकान सुरू करायच्या घाईत मालक कुठला तरी तयार नमुना उचलतो, त्यात आपलं नाव घालतो आणि पान लावून मोकळा होतो. खातं सुरू होतं. पान तपासणाऱ्यासाठी लिहिलेलं असतं, त्याचं काम तिथेच संपतं.

मग पहिली तक्रार येते, तेव्हा दुकानातलं कोणीच ते पान उघडत नाही. फोन घेणारी मुलगी मालकाला विचारते, मालक त्या दिवशीच्या मनःस्थितीप्रमाणे काहीतरी सांगतो. एका गिऱ्हाइकाला पूर्ण पैसे मिळतात, दुसरीला क्रेडिट नोट, तिसरीला “पॉलिसीत बसत नाही” असं उत्तर. विवेकाधिकार हा भारदस्त शब्द प्रत्यक्षात असा चालतो.

हक्क वेगळा, सवलत वेगळी

संपादनाची पहिली कात्री पानाच्या मधोमध लागते. साडी परत येण्याची कारणं दोन जातींची असतात आणि नमुन्याच्या उताऱ्यात ती एकाच वाक्यात कोंबलेली आहेत. साडी फाटकी निघाली, भलतीच आली, सांगितल्याप्रमाणे नव्हती किंवा उशिरा आली, ही एक जात. साडी जशी सांगितली तशीच आहे, फक्त आता नको वाटते, ही दुसरी.

पहिल्या जातीत दुकानाच्या मर्जीचा प्रश्न येत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष माल परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. बिलावर मुदत लिहिली असेल तर त्या मुदतीत आणि लिहिली नसेल तर ३० दिवसांत दुकानाने माल परत घ्यायचा असतो. ऑनलाइन विक्रीसाठी जुलै २०२० मध्ये वेगळे नियम आले आणि त्यांत हे आणखी स्पष्ट झालं. माल सदोष, बनावट किंवा जाहिरातीत सांगितलेल्या गुणांचा नसेल, तर विक्रेत्याला तो परत घेणं किंवा पैसे देणं नाकारता येत नाही. सांगितलेल्या वेळेनंतर आलेल्या मालालाही हेच लागू आहे. अपवाद पूर किंवा तत्सम आवाक्याबाहेरच्या संकटामुळे झालेल्या उशिराचा. “एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही” ही दुकानातली जुनी पाटी निदान स्पष्ट तरी होती. सदोष मालाच्या बाबतीत मात्र तिला कायद्यात आधार नाही.

दुसऱ्या जातीत चित्र उलटं आहे. ब्रिटनमध्ये ऑनलाइन घेतलेल्या बहुतेक वस्तू कारण न देता परत करण्यासाठी गिऱ्हाइकाला १४ दिवसांचा कायदेशीर अवधी असतो. आपल्याकडे सर्व वस्तूंसाठी असा सरसकट हक्क नाही. मन बदललं म्हणून साडी परत घेणं ही दुकानाने आपणहून दिलेली सवलत आहे. तिला अटी घालता येतात, पैसे कापता येतात, ती अजिबात न देण्याचंही स्वातंत्र्य आहे. फक्त ते आधी आणि स्पष्ट सांगायला हवं.

ही दोन खाती वेगळी केली की पानाचा निम्मा गोंधळ संपतो. ‘लागू शुल्क’ मन बदलण्याच्या खात्यात जातं, सदोष मालाच्या खात्यात त्याला जागाच उरत नाही. सात दिवसांची मुदतही सवलतीच्या बाजूला जाते. नांदेडच्या बाई पहिल्या खात्यातल्या आहेत. त्यांना ‘मूळ स्थिती’ची अट दाखवणं म्हणजे आपणच पाठवलेल्या निघालेल्या धाग्यांचा दोष त्यांच्या माथी मारणं.

दिवस मोजायचे कुठून?

परताव्याच्या तक्रारींत सगळ्यात जास्त कटुता दिवसांवरून होते, आणि गंमत अशी की दोन्ही बाजू खरं बोलत असतात. बाईंनी ३ तारखेला फोन केला. कुरिअरवाला ६ तारखेला साडी घेऊन गेला. पार्सल १२ तारखेला दुकानात पोहोचलं. १४ तारखेला कोणीतरी ते उघडून तपासलं आणि त्याच संध्याकाळी पैसे सोडले. बाईंच्या कार्डावर ते २१ तारखेला दिसले. दुकान म्हणतं, आम्ही दोनच दिवस घेतले. बाई म्हणतात, मला अठरा दिवस लागले. “७ ते १० कामकाजाच्या दिवसांत प्रक्रिया” हे वाक्य दोघांनाही खरं ठरवतं, म्हणूनच ते निरुपयोगी आहे.

इथे संपादकाने एकेक टप्पा वेगळा मांडायचा आणि प्रत्येकापुढे विचारायचं, हा कोणाच्या हातात आहे? तपासणी दुकानाच्या हातात आहे. कुरिअर दुकानाने निवडलेलं आहे, म्हणून तेही बऱ्याच अंशी दुकानाच्याच पदरात. बँकेचे दिवस कोणाच्याच हातात नाहीत. यावरून वचन तयार होतं: “कुरिअरने साडी तुमच्याकडून नेल्यापासून १० दिवसांच्या आत आम्ही पैसे सोडू. बँक ते तुमच्या खात्यात जमा करायला साधारण ५ ते ७ कामकाजाचे दिवस घेते.” पहिलं वाक्य हमी आहे, दुसरं माहिती. दोन्ही एका आकड्यात मिसळली की हमीचा जीव जातो.

या वाक्यातली सुरुवात महत्त्वाची आहे. मोजणी ‘माल आम्हाला मिळाल्यापासून’ सुरू केली, तर पार्सल वाटेत कुठे अडकलं आहे याची काळजी बाईंच्या डोक्यावर येते, आणि त्यांच्याकडे ते शोधायचं साधन नसतं. ‘कुरिअरने नेल्यापासून’ म्हटलं की ती जोखीम दुकानाने उचलली. मालक इथे हमखास अडतो. मग गेल्या तीन महिन्यांची कुरिअरची नोंद काढायची आणि परतीची पार्सलं किती दिवसांत आली ते पाहायचं. बहुतेक आठ दिवसांत येत असतील तर दहा दिवसांचं वचन पेलणारं आहे. पंधरा लागत असतील तर पंधरा लिहावेत किंवा कुरिअर बदलावं. सात लिहून पंधरा दिवस लावण्यापेक्षा पंधरा लिहून बारा दिवसांत देणं कधीही बरं.

पैसे सोडले की दुकानाकडे एक संदर्भ क्रमांक येतो. कार्डाच्या व्यवहारात त्याला एआरएन म्हणतात, यूपीआयच्या व्यवहारात यूटीआर किंवा आरआरएन. तो बाईंना कळवला की त्या थेट आपल्या बँकेत विचारू शकतात. “तीन दिवस थांबा, येतील” या उत्तरापेक्षा हा क्रमांक जास्त कामाचा. तो आपणहून पाठवायचं ठरलं तर तेही वचनात लिहावं. कॅश ऑन डिलिव्हरीची गोष्ट वेगळी. तिथे पैसे ज्या वाटेने आले त्या वाटेने परत जाऊ शकत नाहीत, म्हणून यूपीआय आयडी किंवा बँक खातं विचारावं लागतं. पानावर हे आधीच लिहिलेलं नसेल, तर अनोळखी नंबरवरून खातं विचारणारा फोन बाईंना फसवणुकीचा वाटतो, आणि तसं वाटणं रास्तच आहे.

व्हिडिओ, रंग आणि गाठी

अनबॉक्सिंग व्हिडिओची अट आता सर्रास दिसते. तिच्यामागची भीती खरी आहे. नवी साडी ठेवून घेऊन जुनी परत पाठवणारी गिऱ्हाइकं असतात, आणि रिकामी खोकी परत आल्याचे अनुभव दुकानदारांना आहेत. पण ‘व्हिडिओ नाही तर तक्रार नाही’ अशी अट कायद्यात कुठे नाही. सदोष माल परत घेण्याची जबाबदारी गिऱ्हाइकाने चित्रीकरण केलं की नाही यावर अवलंबून नसते. पार्सल बहुधा घरातली दुसरीच व्यक्ती घेते, कात्रीने टेप कापते आणि साडी कपाटात जाते. निघालेले धागे दिसतात ते नेसायच्या आदल्या दिवशी.

तेव्हा अटीमागचा हेतू जपायचा आणि ओझं हलकं करायचं. “दोष दिसेल असे दोन फोटो आणि पार्सलवरच्या लेबलचा एक फोटो पाठवा. लेबल टाकून दिलं असेल तर ऑर्डर क्रमांक चालेल. व्हिडिओ असेल तर पाठवा, तपासणी लवकर होते.” फसवणूक ओळखायचं काम दुकानाने आपल्या बाजूने करायचं. पाठवताना पार्सलचं वजन नोंदवायचं, साडीच्या पदराचा फोटो काढून ऑर्डरला जोडायचा आणि परत आलेली साडी त्याच्याशी ताडून पाहायची. हातमागाच्या साडीत हे सोपंच असतं, कारण कुठल्याही दोन पदरांची वीण तंतोतंत सारखी नसते.

हाच मुद्दा पुढच्या कलमाकडे नेतो. “रंग व विणीतील फरक दोष मानला जाणार नाही” या वाक्यात खरी माहिती आणि पळवाट दोन्ही आहेत. हातमागावर धागा कुठे जाड, कुठे बारीक येतो, मागच्या बाजूला गाठ दिसते, काठाची रेघ किंचित हलते. हे हाताच्या कामाचे गुण आहेत आणि गिऱ्हाइकाला ते आधी सांगायला हवेत. पण त्याच वाक्याच्या आडून भोक, डाग, तुटलेली जर आणि न आलेला ब्लाउज पीसही नाकारता येतो. म्हणून दोन याद्या करायच्या: हे चालणारं आणि हे आमचं चुकलेलं. जमलं तर प्रत्येकाचा फोटो द्यायचा. गाठ आणि भोक यांतला फरक तीन ओळींच्या व्याख्येपेक्षा दोन फोटोंत लवकर कळतो.

रंगाचंही तसंच. मोबाइलच्या पडद्यावर अंजिरी रंग थोडा उजळ दिसला, तर तो पडद्याचा फरक. अशा साडीला मन बदलल्याचा नियम लावावा. पण अंजिरी मागवली आणि डाळिंबी आली, तर भलतीच साडी आली. त्याला पडद्याचं निमित्त चालणार नाही. आणि पानावर ‘हातमाग’ लिहून यंत्रमागाची साडी पाठवली असेल, तर तो विणीतला फरक राहत नाही. ती सांगितलेल्या गुणांची वस्तूच नाही, आणि वर सांगितलेला २०२० चा नियम तिला थेट लागू होतो.

वकिलाचं म्हणणं, मालकाची भीती

अशी वाक्यं पाहिली की वकील सावध होतो. इतकं स्पष्ट लिहिलं तर अडकाल, असं तो सांगतो. त्याचं अर्धं बरोबर आहे. स्पष्ट वचन पाळावं लागतं. पण धूसर वाक्य दुकानाला वाचवतं, ही समजूत खरी नाही. एकाच बाजूने लिहिलेल्या कराराचे दोन अर्थ निघत असतील तर लिहिणाऱ्याच्या विरुद्ध जाणारा अर्थ धरायचा, हे तत्त्व आपल्या न्यायालयांनी विम्याच्या प्रकरणांत वारंवार वापरलं आहे. ‘सर्वस्वी विवेकाधिकार’ लिहून ग्राहकाचा कायदेशीर हक्क रद्द होत नाही. आणि न्यायालयाच्या ठिकाणाचं कलम तर गिऱ्हाइकाची दिशाभूल करतं. २०१९ च्या कायद्यानुसार ग्राहक जिथे राहतो किंवा नोकरी-व्यवसाय करतो, तिथल्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करू शकतो. नांदेडच्या बाईंना सुरतेला जायची गरज नाही. ते वाक्य पानावरून काढलेलंच बरं.

कायद्याचा दस्तऐवज सोप्या भाषेत टिकतो, हे पन्नास वर्षांपूर्वीच दिसून आलं आहे. न्यूयॉर्कच्या एका मोठ्या बँकेने, आज आपण जिला सिटीबँक म्हणून ओळखतो तिने, १९७५ मध्ये साध्या कर्जाचा करारनामा नव्याने लिहून घेतला. त्यात कर्जदार ‘मी’ झाला आणि बँक ‘तुम्ही’. हप्ता चुकला तर काय होईल, हे रोजच्या बोलण्यासारख्या वाक्यांत आलं. पुढे न्यूयॉर्क राज्याने ग्राहक करारांसाठी सोप्या भाषेचा कायदाच केला. वकिलाला पानावरून हाकलायचं नाही. त्याचं काम बदलायचं. वाक्य सजवण्याऐवजी त्याने प्रत्येक वचनाला एक प्रश्न विचारावा: हे कायद्यापेक्षा कमी तर देत नाही ना, आणि यात न पेलणारं काही आहे का?

मालकाची भीती वेगळी असते. इतकं सोपं केलं तर सगळेच परत पाठवतील, असं त्याला वाटतं. परताव्याच्या धोरणांवर झालेल्या अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र तपासणारा एक लेख २०१६ मध्ये ‘जर्नल ऑफ रिटेलिंग’मध्ये आला होता. उदार धोरणाने परत येणाऱ्या मालापेक्षा खरेदीत जास्त वाढ होते, असा त्याचा एकूण कल होता. त्यातली एक गोष्ट दुकानदारांना चकित करते: परत करायची मुदत वाढवली की परतावे वाढण्याऐवजी कमी होतात. दोन दिवसांची मुदत असली की माणूस शंका येताच पाठवून मोकळा होतो, आणि वेळ हाताशी असला की वस्तू घरात रुळते.

पण उदारपणालाही बांध लागतो. अमेरिकेतल्या एल. एल. बीन या कंपनीची वस्तू कधीही परत घेण्याची हमी पिढ्यान्‌पिढ्या प्रसिद्ध होती. लोक जुन्या बाजारात घेतलेल्या, झिजलेल्या वस्तूही आणून पैसे मागू लागले. अखेर फेब्रुवारी २०१८ मध्ये कंपनीने खरेदीच्या पुराव्यासह एक वर्षाची मर्यादा घातली. ‘पूर्ण समाधानाची हमी’ हे वाक्य सोपं आहे, पण त्याला कड नाही. विश्वासार्ह वचन कुठे संपतं, हेही सांगतं. आमच्या साडीच्या पानात ती कड फॉल-पिकोवर येते. फॉल लावलेली किंवा ब्लाउज पीस कापलेली साडी दुसऱ्या कोणाला नवी म्हणून विकता येत नाही. म्हणून मन बदलल्याच्या खात्यात ती बसत नाही, आणि कारण सांगितलं की गिऱ्हाइकाला ते पटतं.

लिहिल्यानंतर

हे सगळे निर्णय झाले की पान आपोआप आकाराला येतं. नमुन्याचं दुकान आता असं लिहील:

“साडीत आमची चूक असेल तर: साडी फाटकी, डागाळलेली किंवा भलतीच आली, ब्लाउज पीस आला नाही, वर्णनाप्रमाणे नाही किंवा सांगितलेल्या तारखेनंतर आल्यामुळे आता नको आहे, तर साडी मिळाल्यापासून ३० दिवसांत आम्हाला कळवा. दोन फोटो पुरेत. आम्ही घरून साडी नेऊ. पूर्ण पैसे हवेत की दुसरी साडी, हे तुम्ही ठरवाल. काहीही कापलं जाणार नाही.

साडी चांगली आहे, पण नको असेल तर: मिळाल्यापासून ७ दिवसांत कळवा. सातव्या दिवशी रात्री १२ पर्यंत आलेला मेसेज चालेल, साडी नंतर नेली तरी हरकत नाही. टॅग लावलेला असावा. फॉल-पिको केलेली किंवा ब्लाउज पीस कापलेली साडी परत घेता येत नाही, कारण ती आम्हाला पुन्हा विकता येत नाही. साडी नेण्याचे १२० रुपये कापले जातील. ४,२०० रुपयांच्या साडीचे ४,०८० रुपये मिळतील.

पैसे कधी: कुरिअरने साडी नेल्यापासून १० दिवसांच्या आत आम्ही पैसे सोडू आणि संदर्भ क्रमांक मेसेजने पाठवू. बँकेला साधारण ५ ते ७ कामकाजाचे दिवस लागतात. ज्या मार्गाने पैसे दिलेत त्याच मार्गाने परत येतील. रोख दिले असतील तर यूपीआय आयडी विचारू. ओटीपी किंवा पिन कधीच विचारणार नाही.

साडी निघण्याआधी ऑर्डर रद्द केली तर काहीही शुल्क नाही.

आमचं उत्तर पटलं नाही तर: तक्रार अधिकाऱ्यांना लिहा. ४८ तासांत पोच देऊ, एका महिन्यात निकाल देऊ. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही तुम्ही तक्रार करू शकता.”

शेवटच्या भागातले ४८ तास आणि एक महिना ही दुकानाची मेहरबानी नाही. २०२० च्या नियमांनी घातलेलं ते बंधन आहे. अधिकाऱ्याचं नाव, हुद्दा आणि संपर्कही त्याच नियमांनुसार द्यावा लागतो. रद्द करण्याच्या शुल्काचंही तसंच. दुकान स्वतः ऑर्डर रद्द करताना तेवढेच पैसे सोसत नसेल, तर त्याला गिऱ्हाइकाकडून रद्द करण्याचे पैसे घेता येत नाहीत. मूळ पानात नसलेली ही माहिती नव्या पानात आली. आणि तरीही तपशिलातल्या खऱ्या अटी, म्हणजे टॅग, फॉल, दिवस आणि १२० रुपये, एकही गाळली नाही. अटी कमी केल्याने पान सोपं होत नाही. अट आणि तिचा आकडा एकाच वाक्यात आले की होतं.

आता कसोटी. दुकानाशी संबंध नसलेल्या पाचसहा जणांना पान द्यायचं आणि “समजलं का?” असं विचारायचं नाही. त्या प्रश्नाला सगळेच हो म्हणतात. त्याऐवजी प्रसंग द्यायचे: साडी मंगळवारी आली, पुढच्या मंगळवारी फोन केला, फॉल लावलेला नाही, रंग आवडला नाही. किती पैसे मिळतील? दुसरा प्रसंग: फॉल लावला आणि मग शिंपिणीला पदराखाली भोक दिसलं. आता? दुसऱ्या प्रसंगात लोक अडखळतात. फॉल लावलाय म्हणून नाही मिळणार, असं निम्मे म्हणतील. खरं तर भोक दुकानाच्या चुकीच्या खात्यात येतं आणि फॉलची अट त्या खात्याला लागू नाही. लोक अडखळले तर वाचणाऱ्याला दोष देऊन उपयोग नाही, पानात एक वाक्य कमी आहे: “फॉल लावल्यानंतर विणीतला दोष दिसला तरी आम्ही जबाबदार आहोत.” पहिला प्रसंगही पोकळ नाही. मंगळवारी मिळालेल्या साडीचे सात दिवस सोमवारी संपतात की मंगळवारी, हे लोक दोन प्रकारे मोजतात. म्हणून “मिळालेला दिवस मोजला जात नाही” ही ओळ पानात घालावी लागते.

जुन्या तक्रारींची वही ही दुसरी कसोटी. गेल्या काही महिन्यांतली प्रत्येक तक्रार नव्या पानावर ठेवून पाहायची आणि उत्तर पानावरच मिळतं का, ते तपासायचं. मिळत नसेल तिथे एक निर्णय राहून गेला आहे. त्यानंतर बिलाची मागची बाजू, व्हॉट्सॲपवरची तयार उत्तरं आणि पार्सलमधली चिठ्ठी उघडून तिथले जुने आकडे बदलायचे. पान दहा दिवस म्हणतं आणि चिठ्ठी सात, तर गिऱ्हाईक चिठ्ठीच धरून बसणार आणि त्याचं चुकणार नाही. पानाच्या तळाशी तारीख टाकायची आणि लिहायचं, की ऑर्डरच्या दिवशी जे नियम होते तेच त्या ऑर्डरला लागू राहतील.

यात दुकान थोडं काही गमावतं, हे लपवण्यात अर्थ नाही. कुरिअरने उशीर केला तर पैसे आधी आणि साडी नंतर, असं कधीतरी होईल. काही फोटो खोटे निघतील आणि एखादी साडी बुडेल. त्या नुकसानीचा अंदाज काढून तो किमतीत धरायचा असतो, पानावरच्या अंधुक वाक्यांत नव्हे. काम पुरं झालं की नाही, हे ओळखायला पान वाचायचीही गरज नाही. फोन घेणाऱ्या मुलीने मालकाला न विचारता नांदेडच्या बाईंना “पूर्ण पैसे, साडी नेल्यापासून दहा दिवसांच्या आत” असं सांगितलं आणि तसंच झालं, तर झालं.